सुरक्षा समितीच्या इतिवृत्तात एकच बाब चौथ्यांदा 'काम चालू आहे' – ती खरोखर बंद कशी करायची?

हजेरी_शिरोली · सोमवार, रात्री 9:12

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी टाइम ऑफिस पाहते. ग्रे आयर्नचं काम, ठेकेदाराची माणसं धरून 140 कामगार. सुरक्षा समितीचं सचिवपद नुकतंच माझ्याकडे आलं, म्हणून मागचं रजिस्टर वाचून काढलं. चार तिमाही बैठका, आणि चारही वेळा ही ओळ जशीच्या तशी:

"ओतकामाच्या बे क्र. 2 मध्ये छपराची गळती. देखभाल विभागाने लक्ष द्यावे. काम चालू आहे."

म्हणजे एक अख्खा पावसाळा या ओळीवर निघून गेला. पुढची बैठक दोन आठवड्यांनी, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आहे. समितीत आठ जण आहेत: वर्क्स मॅनेजर अध्यक्ष, मी, प्रॉडक्शन आणि मेंटेनन्सचे एकेक साहेब, आणि चार कामगार. हे चारही मशीन शॉपचे, कायम कामगार, पहिल्या पाळीतले.

मला तीन गोष्टी हव्यात. ही बाब इतिवृत्तात कशी लिहू म्हणजे पुढे सरकेल? पाठपुरावा कसा ठेवू? आणि समितीच्या रचनेतच काही चुकतंय का?

---

उद्यमनगर_पाटील · सोमवार, रात्री 9:40

ताई, मुळात 250 कामगारांच्या खाली समिती सक्तीची नाही. तुमची 140 वर आहे म्हणजे ती ऐच्छिक झाली. त्यामुळे फार मनाला लावून घेऊ नका. छपराचं काम मेंटेनन्सला मेल टाकून करून घ्या. समितीच्या रजिस्टरात गळती कशाला हवी? तिथे हेल्मेट, बूट, प्रशिक्षण असे विषय असतात.

---

सेफ्टी_निवृत्त · सोमवार, रात्री 10:25

पाटीलसाहेब, 250 चा आकडा बरोबर आहे, पण तो साध्या कारखान्याला. धोकादायक प्रक्रिया चालत असेल तिथे संख्या पाहिली जात नाही. कारखाने अधिनियम 1948 च्या पहिल्या अनुसूचीत फौंड्रीचं नाव आहे, लोखंडी आणि बिगरलोखंडी दोन्ही, सँड ब्लास्टिंग आणि शॉट ब्लास्टिंगसकट. कलम 41-ग तिथे समिती मागतं आणि त्यात कामगारांचे व व्यवस्थापनाचे प्रतिनिधी समसमान असले पाहिजेत. त्यामुळे ताईंच्या कारखान्यात समिती ऐच्छिक नाही. निरीक्षक इतिवृत्त मागू शकतो आणि ते दाखवावं लागतं.

आता रचना. संख्येने चार-चार बरोबर आहे, माणसं चुकली आहेत.

व्यवस्थापनाच्या बाजूला खरेदी विभागाचा माणूस नाही. प्रॉडक्शन, मेंटेनन्स आणि खरेदी या तिघांचा प्रतिनिधी नियमालाच हवा आहे. फौंड्रीत त्याचं कारण डोळ्यांसमोर असतं. ओलं स्क्रॅप किंवा दोन्ही तोंडं बंद असलेला पाइपचा तुकडा भट्टीत गेला की आतलं पाणी वाफ होऊन धातू उसळतो. तो तुकडा भट्टीवाल्याने आणलेला नसतो, खरेदीच्या ऑर्डरवर आलेला असतो. पावसाळ्यात ओला ट्रक परत पाठवायचा की उतरवून घ्यायचा, हा निर्णय भट्टीपाशी होत नाही, गेटवर होतो. गेटवरचा निर्णय ज्याच्या हातात आहे तो टेबलाशी नसेल, तर 'स्क्रॅप कोरडे असावे' ही ओळसुद्धा तुमच्या गळतीसारखी वर्षभर रजिस्टरात राहील.

कामगारांच्या बाजूला चारही मशीन शॉपचे, ही तर मोठीच चूक. धोका भट्टी, ओतकाम, शेकआउट आणि फेटलिंगमध्ये आहे. कामगार प्रतिनिधी कामगारांनी निवडून द्यायचे असतात, साहेबांनी नेमायचे नसतात, आणि मुदत दोन वर्षांची. विभागवार निवड घ्या: मेल्टिंग आणि ओतकाम मिळून एक, मोल्डिंग व कोअर मिळून एक, फेटलिंग व शॉट ब्लास्टिंगचा एक, मशीन शॉप आणि डिस्पॅचचा एक. पाचवा फक्त रात्रपाळीचा ठेवा. खरेदीचा माणूस आला की पलीकडेही पाच होतात. फेटलिंगला ठेकेदाराची माणसं असतील तर तिथला प्रतिनिधीही त्यांच्यातलाच असू द्या. कायद्याच्या व्याख्येत ठेकेदाराचा माणूसही कामगारच आहे. मुकादम मात्र नको. तो ठेकेदाराची बाजू सांभाळणारच, त्यात त्याचा दोष नाही.

अध्यक्ष वर्क्स मॅनेजर आहेत ते ठीक. पण त्यांना किती रुपयांपर्यंत खर्च मंजूर करता येतो, ते आधी विचारून घ्या. मला वाटतं तुमच्या गळतीचं उत्तर तिथेच अडकलं असेल.

---

भट्टीवाला_कागल · सोमवार, रात्री 11:05

पाटीलसाहेब, गळती रजिस्टरात कशाला म्हणताय, तर सांगतो. लोखंड ओतताना 1400 अंशाच्या आसपास असतंय. पाणी धातूच्या वर पडलं तर बऱ्याचदा फुसकन वाफ हून जातंय. खरा घात पाणी धातूच्या खाली सापडलं तर हुतोय. जमिनीवर चार तांबे पाण्याचं डबकं असू द्या आणि लॅडलमधनं थोडा धातू त्यावर सांडू द्या. पाणी खाली कोंडतंय, त्याची वाफ हुताना ते दीड हजार पटीपेक्षा जास्त फुगतंय, आणि वरचा धातू उडून माणसाच्या तोंडावर येतोय. हेल्मेट, बूट तिथं काय करणार?

म्हणून ताई, बे 2 मधी पाणी नेमकं कुठं पडतंय ते लिवा. लॅडलच्या वाटंवर पडतंय, साच्यांच्या रांगंवर पडतंय का कडंला भिंतीला पडतंय? तिन्हीची गोष्ट निराळी हाय. साच्यात वरनं पाणी गेलं तर ओतताना साचा उसळतोय. आणि भट्टीखालचा खड्डा बघितला का? लायनिंग फुटून धातू खाली आला तर त्यो त्या खड्ड्यात जाणार. तिथं पाणी असलं तर मग काय उरत न्हाई. छपराचं पाणी भिंतीवरनं झिरपून खड्ड्यात येतंय का ते एकदा बॅटरी मारून बघा.

---

हजेरी_शिरोली · मंगळवार, सकाळी 8:30

दादा, आज सकाळी पाहून आले. भट्टीखालचा खड्डा कोरडा आहे. बे 2 मध्ये जमिनीवर पाण्याचे जुने डाग तीन ठिकाणी आहेत. दोन भिंतीकडेला, आणि एक लॅडलच्या वाटेवर, खांब 7 आणि 8 च्या मध्ये, मोनोरेलच्या बरोबर खाली. चारही इतिवृत्तांत यातलं काहीच नाही.

मेंटेनन्सच्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "मी दोनदा पत्रे बदलायचं कोटेशन दिलंय, मंजुरी नाही." कोटेशन मालकांकडे आहे, आणि मालक समितीत नाहीत. वर्क्स मॅनेजरना 25 हजारांपर्यंतच खर्च मंजूर करता येतो. कोटेशन त्याच्या कितीतरी वर आहे.

---

सेफ्टी_निवृत्त · मंगळवार, सकाळी 9:50

गाठ सापडली. त्या एका ओळीत चार वेगवेगळी कामं कोंबली आहेत, आणि त्यातलं सगळ्यात महागडं काम अडलं म्हणून बाकीची तीनही अडून बसली. 'देखभाल विभागाने' असं लिहिलं की काम कुणाच्याच नावावर नसतं. 'लक्ष द्यावे' हे काम कधी पूर्ण झालं ते कुणालाच सांगता येत नाही. आणि 'काम चालू आहे' ही ओळ पुढच्या बैठकीत कुणी खोटी ठरवू शकत नाही. तिन्ही शब्दप्रयोग रजिस्टरातून कायमचे काढून टाका.

लिहायचं असं. आधी धोका एका वाक्यात, जागेसकट: "बे 2, खांब 7 ते 8, मोनोरेलखाली छपरातून पाणी पडते, लॅडल येथून जाते, सांडलेला धातू पाण्यावर पडून स्फोट होऊ शकतो." मग त्याखाली कृती वेगवेगळ्या क्रमांकांनी. प्रत्येक कृतीला एकच नाव, एकच तारीख, आणि ती झाली हे कशावरून ओळखायचं ते.

पहिली कृती आजची आणि बिनखर्चाची असते. खांब 7-8 मध्ये पाणी दिसलं की ओतकाम थांबवायचं, धातू भट्टीतच धरायचा किंवा कोरड्या पिग मोल्डमध्ये ओतायचा, आणि हा अधिकार पाळीच्या सुपरवायझरला तसाच भट्टीवाल्यालाही. हे लेखी द्या, वर्क्स मॅनेजरच्या सहीने. तसं नसेल तर रात्री दोन वाजता कुणी धातू धरून ठेवणार नाही. लॅडलमध्ये धातू थंड झाला तर जाब त्यालाच द्यावा लागतो ना.

दुसरी कृती तात्पुरती, 25 हजारांच्या आत बसेल अशी. तिसरी कायमची दुरुस्ती. चौथी फक्त मंजुरीची, आणि ती वर्क्स मॅनेजरच्या नावावर: "कोटेशन अमुक तारखेपर्यंत ऑक्युपायरपुढे ठेवून होकार, नकार किंवा पर्याय लेखी आणणे." पैसे मंजूर करून घेणं हेही काम आहे आणि त्यालाही तारीख लागते. मंजुरीसाठी अडलेली बाब 'मेंटेनन्सकडे' दाखवत राहिलात, तर मेंटेनन्सच्या साहेबांवर अन्याय होतो आणि मालकांना कळतही नाही की काम त्यांच्या सहीसाठी थांबलंय.

---

पत्रा_आणि_पन्हळ · मंगळवार, दुपारी 1:15

मी शेड फॅब्रिकेशन आणि मेंटेनन्सची कामं घेतो, म्हणून छपराबद्दल लिहितो. सगळे पत्रे बदलायचं कोटेशन मंजूर व्हायची वाट पाहण्याआधी गळतीचं कारण शोधा. फौंड्रीच्या शेडमध्ये मला बहुतेक दोनच कारणं सापडतात.

पहिलं म्हणजे दोन शेडांच्या मधली व्हॅली गटर. वाळूची आणि शॉट ब्लास्टची धूळ तिच्यात साचते, वळवाच्या पहिल्या सरीने भिजते आणि सिमेंटसारखी घट्ट बसते. मग मोठ्या पावसात पाणी तुंबून पत्र्याच्या टोकाखालून आत येतं. पत्रा मात्र शाबूत असतो. दुसरं म्हणजे जे-बोल्टचे वॉशर. भट्टीच्या वरच्या भागात उष्णतेने वॉशर कडक होऊन तडकतात आणि पाणी बोल्टवरून थेंब थेंब उतरतं. तुमचा मधला डाग मोनोरेलखाली सरळ रेषेत असेल तर आधी गटर पाहा. सुटे गोल डाग असतील तर बोल्ट.

तात्पुरत्या उपायात एक चूक बहुतेक ठिकाणी होते. आतून ताडपत्री बांधतात. कृपा करून बांधू नका. ताडपत्रीला झोळ येतो, झोळात बादल्या-बादल्या पाणी साठतं, आणि गाठ सुटली किंवा ठिणगीने भोक पडलं की सगळं एकदम खाली. थेंब परवडले, पण हे नको. त्याऐवजी छपराच्या खाली जीआय पत्र्याची उतार दिलेली पन्हळ लावा, मीटरला 2 सेंटीमीटर तरी उतार ठेवा, आणि पाइपने पाणी शेडबाहेर काढा. शेडच्या आतल्या नाल्यात नको.

आणि छपरावर माणूस चढवणं हाच मोठा धोका आहे, हे त्या कृतीच्या ओळीतच लिहा. सिमेंटचा पत्रा माणसाचं वजन पेलत नाही. मधले पारदर्शक पत्रे तर धुळीने काळे पडून बाकीच्या पत्र्यांसारखेच दिसतात, आणि माणसं पडतात ती तिथूनच. आधी आतून बॅटरी मारून पारदर्शक पत्रे कुठे आहेत ते मोजा आणि वरून रंगाने खुणा करा. चालायला फळ्या, कमरेचा पट्टा नको, पूर्ण अंगाचा हार्नेस, आणि लाइफलाइन छपराच्या कैचीला, पत्र्याला नाही. वर्क परमिट नसेल तर काम सुरूच करू नये. गळतीची बाब बंद झाली आणि माणूस छपरातून खाली पडला, तर समितीने काय मिळवलं?

---

कामगार_मित्र_गोकुळ · मंगळवार, दुपारी 3:40

आमच्याकडे पण समिती आहे. तीत बोनस आणि कँटीनच्या दराचा विषय घेतला तर अध्यक्ष म्हणतात तो इथे नको. मग कामगार प्रतिनिधी कशाला निवडायचे? युनियनने नाव द्यायचं की मतदान घ्यायचं?

---

सेफ्टी_निवृत्त · मंगळवार, संध्याकाळी 5:20

दादा, ही सुरक्षा समिती. तुम्ही म्हणताय ते विषय वर्क्स कमिटीचे किंवा युनियनच्या वाटाघाटीचे, त्यांची जागा वेगळी आहे. अध्यक्ष बरोबर म्हणतात. पण भट्टीपाशी प्यायला पाणी नाही, हा विषय इथलाच, कारण उन्हाळ्यात तिथे माणूस चक्कर येऊन कुठे पडेल सांगता येत नाही. निवड कामगारांनी करायची. युनियन असेल तर ती नावं सुचवते आणि बहुतेक ठिकाणी त्यावर एकमत होतं. मात्र ठेकेदाराचे कामगार त्या युनियनचे सभासद नसतील, तर त्यांच्या जागेची निवड त्यांच्यातच घ्या.

---

साखर_हंगामी · मंगळवार, रात्री 8:10

आमचा साखर कारखाना. तिमाही बैठक म्हणता, पण हंगाम संपला की निवडून दिलेले हंगामी कामगार घरी. ऑफ सीझनच्या दोन बैठकांना कामगार प्रतिनिधी म्हणून सही कोण करणार? आजवर आम्ही हंगामातच चारही बैठका उरकून रजिस्टर पूर्ण करतो.

---

सेफ्टी_निवृत्त · मंगळवार, रात्री 9:00

तसं करू नका. तिमाहीत एक म्हणजे प्रत्येक तिमाहीत एक. चार महिन्यांत चार उरकल्या तर बाकीचे आठ महिने कोरडेच गेले. आणि तुमच्याकडे जिवावरचं काम ओव्हरहॉलिंगलाच असतं: टाकीत आणि पॅनमध्ये उतरणं, बॉयलरच्या आतली दुरुस्ती, उंचीवर वेल्डिंग. निवडीच्या वेळीच अर्ध्या जागा कायम आणि रिटेनिंग कामगारांसाठी ठेवा, म्हणजे ऑफ सीझनला प्रतिनिधी जागेवर असतील. ओव्हरहॉलिंगच्या ठेकेदाराच्या माणसांपैकी दोघांना त्या काळात निमंत्रित म्हणून बसवा. निमंत्रितांना समसमानच्या हिशेबात धरू नका, पण त्यांचं म्हणणं इतिवृत्तात त्यांच्या नावाने लिहा.

---

एक्सेल_कोल्हापूर · मंगळवार, रात्री 10:30

पाठपुराव्याचा तक्ता रजिस्टरात नको, वेगळ्या शीटमध्ये ठेवा, आणि एकच तक्ता वर्षानुवर्षं चालवा. दर बैठकीला नवीन फाइल केली की जुन्या बाबी गळतात. एक ओळ म्हणजे एक कृती. ओळ कधीही डिलीट करायची नाही.

स्तंभ इतकेच पुरतात: A क्रमांक, B काय करायचं, C कुणी, D मूळ तारीख, E सुधारित तारीख, F किती वेळा पुढे ढकललं, G स्थिती, H किती दिवस उशीर. D मध्ये एकदा लिहिलेली तारीख कधीही बदलायची नाही, मुदतवाढ मिळाली तर ती E मध्ये. बहुतेक ठिकाणी D च बदलतात, मग वर्षभर रेंगाळलेली बाब कागदावर वेळेत दिसते. H2 मध्ये हे टाका आणि खाली ओढा:

```
=IF(OR(G2="बंद",D2=""),"",MAX(0,TODAY()-D2))
```

उशीर मूळ तारखेपासूनच मोजायचा. दोन ठिकाणी हे सूत्र फसतं. कुणी 15.4.2026 असं टिंब देऊन तारीख लिहिली तर एक्सेल सहसा ती मजकूर समजतं आणि `#VALUE!` दाखवतं. आणि 'बंद' च्या पुढे चुकून मोकळी जागा पडली तर बंद झालेली बाबही उशिरात दिसत राहते. म्हणून G ला डेटा व्हॅलिडेशनने तीनच पर्याय द्या: उघडी, काम झाले, बंद.

---

सेफ्टी_निवृत्त · मंगळवार, रात्री 11:10

तीन पर्याय दिलेत ते फार चांगलं केलंत. 'काम झाले' आणि 'बंद' हे एक नव्हे. काम झाले असं काम करणारा सांगतो. बंद मात्र दुसऱ्या कुणी जागेवर जाऊन पाहिल्यावर, आणि गळतीच्या बाबतीत ते पाहणं पावसाशिवाय होत नाही. एप्रिलमध्ये गटर साफ करून त्याच दिवशी बाब बंद केली, तर रजिस्टर स्वच्छ दिसेल आणि जूनमध्ये पाणी पुन्हा मोनोरेलखालीच.

म्हणून तपासणी दोन टप्प्यांत घ्या. साप्ताहिक सुट्टीला, भट्टी पूर्ण थंड आणि शेडमध्ये धातू नसताना, पाइपने छपरावर पाणी मारा. खालच्या टोकाकडून सुरुवात करून एकेका खांबाच्या गाळ्याला पंधरा-वीस मिनिटं देत वर जा. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडून वाहतं आणि नेमकं कुठून आत येतंय ते कळत नाही. पाणी मारणाराही छपरावर नको, शिडीवरून किंवा लिफ्टवरून. दुसऱ्या दिवशी भट्टी लावण्याआधी जमीन आणि साचे कोरडे आहेत हे पाहून सही घ्या. दुसरा टप्पा पहिल्या मोठ्या पावसाचा. तोवर बाब 'काम झाले' वरच थांबेल, आणि तीच तिची खरी स्थिती आहे.

तारखांबद्दलही एक. कोल्हापुरात 7 जून धरून चालू नका. वळीव एप्रिल-मेमध्येच गाठतो, आणि तो मोकळ्या गटरीलाही झेपत नाही इतका एका तासात ओततो. गटर सफाई 20 एप्रिलच्या आत हवी, आणि जुलैच्या मध्यात पुन्हा एकदा, तिला वेगळी ओळ.

मुदतवाढीचा नियमही पहिल्याच बैठकीत ठरवून टाका. एकदा मुदत अध्यक्ष वाढवू शकतात. दुसऱ्यांदा वाढवायची तर ऑक्युपायरची सही. तिसऱ्यांदा वाढवायची वेळ आली की ते काम होईपर्यंत ती जागा किंवा ते मशीन वापरायचं की नाही, हाच बैठकीचा विषय.

---

उद्यमनगर_पाटील · बुधवार, सकाळी 7:45

250 बद्दल चुकलो, मान्य. पण कारखाने कायदा तर गेलाच ना आता? 21 नोव्हेंबर 2025 पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीची नवीन संहिता लागू झाली. मग 41-ग कशाला बघायचं?

---

सेफ्टी_निवृत्त · बुधवार, सकाळी 8:20

संहितेच्या कलम 22 मध्येही समिती आहे आणि तिथे कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी नसावेत असं म्हटलंय. समसमान समिती दोन्हीकडे चालते. किती कामगारांवर आणि कोणत्या आदेशाने, हे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कोल्हापूर कार्यालयात लेखी विचारून घ्या. चालू असलेली समिती मात्र तोवर मोडू नका.

---

भट्टीवाला_कागल · बुधवार, सकाळी 9:00

बैठकीचा क्रम बी बदला ताई. बहुतेक ठिकाणी आधी प्रास्ताविक, मग सेफ्टी वीकचे फोटो, मग पीपीई, आणि जुन्या बाबी शेवटाला. तवर चहा आलेला असतोय आणि साहेबांचा फोन वाजत असतोय. जुन्या बाबी पहिल्यांदा घ्या. आणि बैठकीच्या आधी सगळ्यांनी मिळून वीस मिनिटं बे 2 मधनं चालत जावा. जागेवर बोट दावून बोललेलं टेबलावर फिरत न्हाई.

आणखी एक. प्रतिनिधीला अजेंडा आदल्या दिवशी देऊ नका. आठ दिवस आधी द्या, म्हंजे त्यो पाळीत इचारून येतोय. फेटलिंगची पोरं बिहार, यूपीची असली तर तेवढा कागद हिंदीत बी द्या.

---

हजेरी_शिरोली · बुधवार, रात्री 9:30

सगळ्यांचे आभार. मसुदा असा केलाय. क्रम: जुन्या बाबी 25 मिनिटं, अपघात आणि थोडक्यात टळलेले प्रसंग 15, विभागवार नवीन धोके 20, शेवटी ठरलेल्या कृती नाव-तारखेसह मोठ्याने वाचून दाखवायच्या. इतिवृत्त तीन दिवसांत, पान क्रमांकासह, अध्यक्ष आणि एका कामगार प्रतिनिधीच्या सहीने. फेटलिंग आणि रात्रपाळीच्या जागांची निवड बैठकीआधीच घेतेय. खरेदीच्या साहेबांना पत्र दिलं.

बे 2 च्या ओळी:

26/1/01 – खांब 7-8 मध्ये पाणी दिसताच ओतकाम थांबवण्याचा लेखी आदेश. वर्क्स मॅनेजर. बैठकीच्याच दिवशी. पुरावा: तिन्ही पाळ्यांच्या सुपरवायझर आणि भट्टीवाल्यांच्या सह्या.

26/1/02 – व्हॅली गटर सफाई, वर्क परमिट आणि फळ्यांसह. मेंटेनन्स इंजिनिअर. 18 एप्रिल. पुरावा: थंड भट्टीच्या दिवशी पाण्याची चाचणी.

26/1/03 – खांब 7-8 वर उतार दिलेली जीआय पन्हळ, पाणी शेडबाहेर. मेंटेनन्स इंजिनिअर. 25 एप्रिल. पुरावा: पहिल्या मोठ्या पावसात पाहणी.

26/1/04 – पत्र्यांच्या कोटेशनवर ऑक्युपायरचा लेखी निर्णय. वर्क्स मॅनेजर. 15 एप्रिल.

पावसातली पाहणी करून 'बंद' ची सही ओतकामाच्या कामगार प्रतिनिधीने करावी, असं मी लिहिलंय. मेंटेनन्सचे साहेब नाराज आहेत. म्हणतात, तांत्रिक कामावर कामगाराची सही कशी?

---

पत्रा_आणि_पन्हळ · बुधवार, रात्री 10:05

त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. बोल्ट किती घट्ट, पत्र्याचा ओव्हरलॅप किती, हे कामगार प्रतिनिधी सांगू शकणार नाही. दर्जाची जबाबदारी त्याच्या सहीवर गेली तर उद्या काही झाल्यावर त्यालाच पुढे करतील.

---

सेफ्टी_निवृत्त · बुधवार, रात्री 10:40

मग सही कशाची ते लिहा. "काम योग्य दर्जाचे" ही सही मेंटेनन्सची. "अमुक तारखेला, अमुक पाळीत, मोठ्या पावसात खांब 7-8 मध्ये जमीन कोरडी होती" ही सही प्रतिनिधीची. तो डोळ्यांनी पाहिलेलंच सांगतो, त्यापलीकडे काही नाही. माझ्या मते दोन्ही सह्यांशिवाय बंद करू नये.

---

पत्रा_आणि_पन्हळ · बुधवार, रात्री 10:55

दोन सह्या पटतात. तरी पावसात ओली जमीन दिसली आणि मेंटेनन्स म्हणालं की ते भिंतीवरून आलंय, गटरीतून नाही, तर शेवटचा शब्द कुणाचा, हे आताच लिहून ठेवा. वाद नेमका तिथेच होतो.

---

भट्टीवाला_कागल · बुधवार, रात्री 11:20

पाणी कुठनं बी येऊ दे, जमीन ओली तर बाब उघडी. कारण शोधायचं त्ये त्यांनी शोधावं. आणि ताई, पहिला मोठा पाऊस बहुतेक रातीचाच येतोय. त्या रातपाळीच्या प्रतिनिधीकडं बॅटरी आणि सहीचा कागद आधीच देऊन ठेवा. सकाळी तुम्ही येईस्तोवर जमीन सुकलेली असणार.